फोटोतल्या पानावरून गोष्टीचं टिपण

शाळेतून आणलेलं गोष्टीचं पुस्तक दुसऱ्या दिवशी परत द्यायचं असतं, म्हणून आपल्यातल्या बऱ्याच जणी पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तो फोटो तसाच पडून राहतो. त्यावरून वहीच्या एका पानावर गोष्टीचं टिपण कसं करायचं, ते आज बघू. टिपणात चार गोष्टी हव्यात: थोडक्यात गोष्ट, पात्रं, बोध आणि अवघड शब्द.

आधी फोटो नीट हवा. पुस्तक दाराजवळ उजेडात सपाट ठेवा. फ्लॅश लावू नका, गुळगुळीत कागदावर तो चमकतो आणि मधली अक्षरं दिसेनाशी होतात. खरी अडचण शिवणीजवळ येते. तिथे पान वळतं आणि ओळीचा शेवटचा शब्द सावलीत जातो. समजा पानावर आहे, ‘तिने पाळण्यात डोकावून पाहिले नाही.’ यातला ‘नाही’ सावलीत गेला तर अर्थच उलटा होतो. म्हणून पुस्तक परत देण्याआधी फोटो मोठा करून प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर तपासा. गोष्ट पुढच्या पानावर जात असेल तर त्याचाही फोटो घ्या, कारण गोष्टीचा शेवट तिथेच असतो.

आता पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट घेऊ. ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. पंचतंत्रात मुंगसाला आई मारते, हितोपदेशात बाप मारतो. तुम्हाला आजीने कशीही सांगितली असो, टिपण फोटोतल्या पानाचंच करायचं. नाहीतर मूल पुस्तक उघडेल तेव्हा गोंधळेल. आपण आईची गोष्ट धरू.

पूर्ण गोष्ट एकदा मोठ्याने वाचा, मग फोन बाजूला ठेवून चार-पाच वाक्यं आपल्या शब्दांत लिहा. फोनकडे बघत लिहिलं की पानाची नक्कल होते, गोष्ट थोडक्यात होत नाही.

गोष्ट: एका बाईने बाळाबरोबर एक मुंगूस पाळलं होतं. एकदा बाळाला पाळण्यात ठेवून ती पाण्याला गेली. घरात साप आला, मुंगसाने त्याला मारलं. बाई परतली तेव्हा मुंगसाच्या तोंडाला रक्त दिसलं. त्याने बाळाला मारलं असं समजून तिने भरलेली घागर त्याच्यावर टाकली. मुंगूस मेलं. आत बाळ सुखरूप होतं.

पात्रं: नुसती नावं लिहू नका, कोणी काय केलं तेही लिहा. मुंगूस: बाळाला वाचवलं. आई: न बघता मुंगसाला मारलं. साप: घरात शिरला. बाळ: पाळण्यात होतं.

बोध: इथे चूक जास्त होते. ‘प्राण्यांवर प्रेम करावे’ असं कोणी लिहितं, पण बाईचं मुंगसावर प्रेम होतंच, तरी ते मेलं. बोध शोधायला एक प्रश्न विचारा: गोष्टीत कुठली एक कृती वेगळी झाली असती तर शेवट बदलला असता? बाईने आधी पाळण्यात बघितलं असतं, तर मुंगूस वाचलं असतं. म्हणून बोध असा: खात्री केल्याशिवाय रागात काही करू नये. तुम्ही लिहिलेल्या बोधाने शेवट बदलत नसेल, तर तो या गोष्टीचा बोध नाही.

अवघड शब्द: हे आपण ठरवायचे नाहीत. मुलाला वाचू द्या आणि ते अडखळेल तिथे पेन्सिलीने लिहून घ्या. चार-पाच शब्द पुरे. अर्थ त्या गोष्टीतलाच द्या. ‘पश्चात्ताप’ म्हणजे नुसतं दुःख नव्हे. आपल्याच हातून झालेल्या चुकीचं नंतर वाटणारं वाईट. ‘अविचार’ म्हणजे विचार न करता केलेलं काम. ‘डोकावणे’ म्हणजे मान पुढे करून आत बघणे.

आपल्याकडची बरीच मुलं घरात अहिराणी बोलतात. पुस्तकातला ‘मुलगा’ त्यांच्या घरी ‘आंडोर’ असतो, ‘मुलगी’ ‘आंडेर’ असते. असा शब्द सापडला तर अर्थाच्या जागी सरळ अहिराणी शब्द लिहा, मूल लगेच धरतं. मात्र पुस्तकातला शब्दही शेजारी ठेवा, कारण परीक्षेत तोच येईल.

टिपण झालं की वही मिटवा आणि मुलाला गोष्ट सांगायला लावा. ते ‘आईने घागर का टाकली?’ याचं उत्तर देऊ शकलं तर टिपण जमलं. उत्तर अडलं तर बहुधा रक्त दिसल्याचं वाक्य राहिलेलं असतं. ते वहीत भरा.