बोल्ट नक्की अडकलाय कुठे?

कोकण किनाऱ्यावर दहा-बारा पावसाळे काढलेल्या छोट्या गाडीचे मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलायला घेतले, की वरचा नट बहुधा निमूट सुटतो आणि खालचा बोल्ट छळतो. खाली चिखल, पाणी आणि खारी हवा सतत लागते. शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या डोळ्यात रबरी बुश असतो, बुशच्या मधोमध पोलादी नळी, आणि त्या नळीतून बोल्ट आरपार जातो. बोल्ट आणि नळी यांच्यातल्या केसभर फटीत पाणी शिरतं, गंज फुगतो आणि दोन्ही एकजीव होतात.

म्हणून आधी बोल्ट कुठे अडकलाय ते बघावं. नट सुटला, पण बोल्टचं डोकं पान्याने थोडं फिरून सोडताच स्प्रिंगसारखं मागे येत असेल, तर बोल्ट नळीला घेऊन फिरतोय आणि पीळ रबराला बसतोय. अशा वेळी आट्यांवर कितीही तेल मारलं तरी उपयोग नाही. गंज सोडवणारा स्प्रे नळीच्या दोन्ही टोकांशी मारून रात्रभर मुरू द्यावा. मग नट बोल्टच्या टोकाशी सपाट बसेल इतका परत चढवून हातोडा मारावा. नटाशिवाय मारलं तर आटे चेपतात आणि बोल्ट ब्रॅकेटच्या भोकातच अडकतो.

तरीही हलला नाही, तर गॅसचा टॉर्च मागू नये. जवळच पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप असतात, शिवाय शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल असतं, कधी दाबाखालचा वायूही. माझ्या मते इथे सरळ कापावं. शॉकॲब्सॉर्बर तसाही जाणार आहे. जपायचा आहे तो ॲक्सलला वेल्ड केलेला ब्रॅकेट.

गाडीची बॉडी स्टँडवर असावी आणि ॲक्सललाही खालून जॅकचा आधार द्यावा, कारण त्याला खाली लोंबू न देणारा शॉकॲब्सॉर्बरच आपण काढतोय. रबर आणि ब्रॅकेटचा कान यांच्यामध्ये थोडी फट असते. तिथे हॅक्सॉचं ब्लेड घालून नळी आणि बोल्ट एकदम कापायचे, दोन्ही बाजूंनी. बोल्ट कडक पोलादाचा असतो, त्यामुळे बायमेटल ब्लेड घ्यावं आणि सावकाश ओढावं. घाईत दात झिजतात. कापून झालं की डोळा मधल्या तुकड्यासकट खाली येतो आणि कानांत उरलेले दोन तुकडे हलक्या ठोक्याने निघतात.

कान वाकलेत का, भोकं अंडाकृती झालीत का, हे नवा भाग बसवण्याआधी पाहावं. बोल्ट-नट नवेच घ्यावेत आणि बोल्टच्या बिनआट्याच्या भागावर ॲन्टी-सीझ लावावं. शेवटचा आवळा मात्र गाडी चाकांवर उभी करूनच द्यावा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने. ॲक्सल लोंबत असताना आवळलं, तर गाडी खाली आल्यावर नवा बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.