वेगाचा अहवाल : आधी काय दुरुस्त करायचं?

पडद्यावरचा अहवाल आम्ही उदाहरणासाठी घेतला आहे. समजा, पेठमधल्या एका बचत गटाचं नागलीच्या पापडांचं पान आहे. एलसीपी ६.४ सेकंद, सीएलएस ०.३२. दोन्ही आकडे लाल. खाली सूचनांची लांबलचक यादी आहे, पण ती वरून खाली करत जाऊ नका.

एलसीपी म्हणजे पडद्यावरचा सर्वांत मोठा मजकूर किंवा चित्र दिसायला लागलेला वेळ. तो २.५ सेकंदांच्या आत हवा. आपल्या पानावर तो घटक म्हणजे पापडांचा मोठा फोटो. आता ६.४ ची फोड बघू: सर्व्हरचं उत्तर ०.६, फोटो मागवायला झालेला उशीर १.६, फोटो उतरायला ४ आणि रंगवायला ०.२ सेकंद.

चार सेकंद का? ही चाचणी मंद मोबाईल नेटवर्क धरून चालते, सेकंदाला साधारण २०० केबी. फोटो ८०० केबीचा, म्हणजे चार सेकंद. तोच १२० केबीचा केला की ०.६ सेकंद. उशीर होतो तो `loading="lazy"` मुळे. ही सूचना खालच्या फोटोंसाठी ठीक आहे, पहिल्या फोटोला लावली की ब्राउझर तो मागवायलाच थांबतो. ती काढली आणि प्राधान्य दिलं की उशीर ०.३ वर येईल असं धरू. मग बेरीज होते १.७.

सीएलएस म्हणजे मजकूर किती उडी मारतो. फोटोची जागा राखलेली नाही, म्हणून तो आला की खालचा मजकूर पडद्याच्या ४० टक्के खाली ढकलला जातो. या उडीने पडद्याचा ८० टक्के भाग हलला. ०.८ गुणिले ०.४, म्हणजे ०.३२. ०.१ पर्यंत चालतं. गिऱ्हाईक 'मागणी नोंदवा' दाबायला जातं आणि बोट भलतीकडेच पडतं, ते यामुळे. लांबी-रुंदी लिहिली की जागा आधीच राखली जाते. दोन्ही दुरुस्त्या एकाच ओळीत:

```
<img src="papad.webp" width="800" height="640"
     fetchpriority="high" alt="नागलीचे पापड">
```

सोबत सीएसएसमध्ये `max-width: 100%; height: auto;` ठेवा, नाहीतर छोट्या फोनवर फोटो बाहेर जाईल.

यादीतली 'सीएसएस आटोपशीर करा' ही सूचना चार-पाच केबी वाचवत असेल, तर तिला नंतर हात लावा. मात्र सर्व्हरचंच उत्तर तीन सेकंदांनी येत असेल, तर फोटो कितीही लहान करा, २.५ गाठता येणार नाही. म्हणून आधी फोड बघायची.

शेवटचं. अहवालात वर खऱ्या वापरणाऱ्यांचे २८ दिवसांचे आकडे असतात, खाली चाचणीचे. दुरुस्ती खाली लगेच दिसते, वर हळूहळू. लहान पानाला वरचे आकडे बहुधा मिळतच नाहीत. आणि चाचणी पान खाली सरकवत नाही, त्यामुळे खालच्या उड्या तिला दिसत नाहीत. त्या स्वतः फोनवर पान सरकवूनच बघाव्या लागतात.