बांध असलेल्या गावाचेच नुकसान जास्त! १९९९च्या चक्रीवादळात कांदळवनाने काय वाचवले?

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ धडकले. ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाचे वारे आणि त्यांच्यासोबत आत घुसलेला समुद्र यांनी जवळपास १० हजार जणांचा बळी घेतला. या वादळानंतर भारतीय वन्यजीव संस्थेच्या रुची बडोला आणि एस. ए. हुसैन यांनी भितरकनिकाच्या कांदळवनाजवळच्या तीन गावांतील नुकसानीची तुलना केली. तिचा निष्कर्ष अनेकांना उलटा वाटेल असा होता.

तीन गावे, तीन हिशेब

किनाऱ्यापासून साधारण सारख्याच अंतरावरची ही गावे. एका गावापुढे कांदळवन होते, दुसऱ्यापुढे फक्त बांध होता आणि तिसऱ्यापुढे दोन्ही नव्हते. कांदळवनामागच्या गावात प्रत्येक कुटुंबाचे सरासरी ३३ डॉलरचे नुकसान झाले. काहीच आडोसा नसलेल्या गावात हा आकडा ४४ डॉलर होता, तर बांध असलेल्या गावात तब्बल १५४ डॉलर.

असे का झाले? बांध जोवर टिकतो तोवर पाणी अडते. पण तो एकदा फुटला की खारे पाणी आत येते आणि उरलेला बांधच त्याला परत जाऊ देत नाही. शेतात पाणी साचून राहते. कांदळवनाजवळचे बांध मात्र टिकले, कारण लाटांचा जोर त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच मोडला होता.

झाडे लाट कशी मोडतात?

वादळात दोन गोष्टी येतात. एक म्हणजे वाऱ्याने उठलेल्या लाटा आणि दुसरी म्हणजे समुद्राची पातळीच वर चढणे, म्हणजे वादळी उधाण. कांदळाची कमानीसारखी मुळे आणि तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे लाटेच्या वाटेत येतात. प्रत्येक अडथळ्याला घासून पाण्याची ताकद कमी होते. त्यामुळे शंभर मीटरच्या पट्ट्यातच लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी घटू शकते.

उधाणाचे मात्र तसे नाही. त्याची उंची एक किलोमीटर रुंद कांदळवनातून जाताना साधारण ५ ते ५० सेंटिमीटरनेच कमी होते. म्हणजे पाच-सहा मीटरचे उधाण अरुंद पट्टा थोपवू शकत नाही. त्यासाठी वनाची रुंदी लागते. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९ मध्ये याच वादळातील शेकडो गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गावांपुढे वनाचा पट्टा रुंद होता, तिथे मृत्यू कमी झाले होते. मात्र वेळेवर दिलेल्या सरकारी इशाऱ्याने त्याहून जास्त जीव वाचवले, हेही त्यांनी नोंदवले. कांदळवन हा स्थलांतराला पर्याय नाही.

तीच मुळे माशांचे पाळणाघर

लाट मोडणारी हीच मुळे लहान माशांना लपायला जागा देतात. मोठा मासा त्या जाळ्यात सहज शिरू शकत नाही आणि गढूळ पाण्यात त्याला पिल्ले दिसतही नाहीत. गळलेली पाने कुजतात, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि पिल्लांना खाणे मिळते.

कोळंबीच्या अनेक जाती अंडी समुद्रात घालतात. त्यांची पिल्ले भरतीसोबत खाडीत येतात, काही महिने कांदळवनाच्या आसऱ्याने वाढतात आणि मग परत समुद्रात जातात. कोकणातल्या जेवणात मानाचा असलेला जिताडा खाडीच्या मुखाशी अंडी घालतो. त्याची पिल्लेही कांदळवनातल्या उथळ पाण्यात वाढतात. समुद्रात जाळ्यात सापडणाऱ्या कोळंबीचे बालपण असे खाडीत गेलेले असते.

वन उभे असूनही निकामी कधी होते?

ही दोन्ही कामे भरती-ओहोटीवर चालतात. भराव टाकून किंवा रस्त्याखालची मोरी बुजवून पाण्याची ये-जा थांबली, तर एकही झाड न तोडता वन मरू शकते. साचलेल्या पाण्यात श्वसनमुळे सतत बुडून राहतात, त्यांना हवा मिळत नाही. पाणी आलेच नाही तर चिखल सुकतो आणि मीठ वाढते. माशांची पिल्ले तर आतच येऊ शकत नाहीत.

याच्या खुणा दिसतात. ओहोटी होऊनही पाणी उतरत नाही, शेंडे वाळू लागतात आणि झाडाखाली नवी रोपे दिसत नाहीत. अशा ठिकाणी रोपे लावून उपयोग नसतो, ती जगत नाहीत. आधी मोरी मोकळी करावी लागते. पाणी पुन्हा खेळू लागले आणि जवळपास बीज देणारी झाडे असली, तर भरतीसोबत आलेले बीज अनेकदा आपणच रुजते.