लहान केलेल्या फोटोतले दिवे का मंदावतात?

मरीन ड्राइव्हचा रात्रीचा फोटो घ्या. मूळ फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे आणि राणीच्या हारातला दिवा न् दिवा त्यात लख्ख दिसतो. तोच फोटो कुणाला पाठवायला १००० पिक्सेलचा केला, की लांबचे दिवे मंदावतात आणि पलीकडच्या इमारतींच्या उजळ खिडक्या जवळपास विझून जातात. फोटो लहान केला की बारकावे जाणारच, असं आपण समजून घेतो. बारकावे जातात हे खरं, पण उजेड जायचं काही कारण नाही. मूळ फोटो स्क्रीनवर लावून चार पावलं मागं सरका. दिवे एकमेकांत मिसळतात, तरी तो पट्टा उजळच राहतो. लहान फोटोही तसाच दिसायला हवा.

घोटाळा आकड्यांत आहे. फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ मधला आकडा असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे स्क्रीनचा पूर्ण उजेड. मग १२८ म्हणजे निम्मा उजेड, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात १२८ ला स्क्रीन जेमतेम २२ टक्के प्रकाश देते. निम्म्या प्रकाशाचा आकडा आहे १८८. सर्वत्र चालणाऱ्या एसआरजीबी या पद्धतीत (ती १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली) हे मुद्दाम ठरवलेलं आहे. आपल्या डोळ्यांना अंधारातला थोडासा फरकही जाणवतो, भर उजेडातला जाणवत नाही. म्हणून २५६ पायऱ्यांपैकी जास्त पायऱ्या अंधाऱ्या भागाला दिल्या जातात. या वाकवलेल्या मोजपट्टीला गॅमा म्हणतात. साठवणुकीसाठी ती उत्तम आहे, हिशेबासाठी नाही.

आणि फोटो लहान करणं म्हणजे हिशेबच. ४००० चे १००० करताना दर ४ × ४ म्हणजे १६ पिक्सेलांचा मिळून एक पिक्सेल होतो. समजा, त्या सोळांपैकी एकात दिवा आहे, २५५. बाकीचे पंधरा काळे, ०. आकड्यांची सरळ सरासरी काढली तर येते १६. पण १६ या आकड्याला स्क्रीन फक्त अर्धा टक्का प्रकाश देते. खरा हिशेब असा: सोळांपैकी एका पिक्सेलात पूर्ण प्रकाश, म्हणजे सरासरी सव्वासहा टक्के, आणि त्याचा आकडा ७१. सोळा आणि एकाहत्तर! दिव्याचा उजेड बारा पटींनी घटला.

ही चूक नेहमी अंधाराच्याच बाजूनं होते, कारण मोजपट्टी एकाच दिशेला वाकलेली आहे. मात्र सगळ्या फोटोभर ती दिसत नाही. आकाशाचा सपाट तुकडा असेल तर सोळाही आकडे सारखेच, सरासरी कशीही काढा. शेजारशेजारच्या पिक्सेलांत मोठा फरक असतो तिथंच फटका बसतो: दिवे, चांदण्या, लाटेवरची चकाकी. त्यामुळे दिवसाचे फोटो पाहून कुणाला शंकाही येत नाही.

तुमचं सॉफ्टवेअर काय करतं ते तपासायचं असेल, तर एक ओळ पांढरी, एक काळी अशा एकेका पिक्सेलच्या ओळींचं चित्र बनवा आणि ते निम्म्या आकाराचं करा. सपाट करडा रंग मिळेल. तो १२८ च्या आसपास असेल तर हिशेब आकड्यांचा झाला, १८८ च्या आसपास असेल तर प्रकाशाचा.

उपाय तीन पावलांचा आहे: आकडे उलगडून प्रकाशाच्या मापात आणायचे, त्या मापात फोटो लहान करायचा आणि मग पुन्हा गॅमात बांधायचा. याला लिनियर लाइटमध्ये आकार बदलणं म्हणतात. इमेजमॅजिक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे एका ओळीत होतं:

```
magick raat.jpg -colorspace RGB -resize 25% -colorspace sRGB lahan.jpg
```

इथं `RGB` म्हणजे सरळ प्रकाशाचं माप. मधला हिशेब मात्र किमान १६ बिटांत व्हायला हवा. उलगडलेले आकडे पुन्हा २५६ पायऱ्यांत कोंबले, तर अंधाऱ्या समुद्रावर पट्टे उमटतात.

याची एक किंमतही आहे. पांढऱ्या कागदावरची बारीक काळी अक्षरं या पद्धतीनं लहान केली की फिकट पडतात. चारांत एक पिक्सेल काळा असेल, तर चुकीच्या हिशेबात १९१ येतो आणि बरोबर हिशेबात २२५. प्रकाशाच्या दृष्टीनं २२५ योग्यच, पण वाचणाऱ्याला गडद अक्षर बरं वाटतं, म्हणून कागदपत्रांसाठी मी ही पद्धत वापरत नाही. शिवाय धार वाढवणाऱ्या लँझोशसारख्या फिल्टरनं लहान केलं, तर झगझगीत दिव्याभोवती काळी कडी जास्त ठळक उमटते. तिथं मऊ फिल्टर निवडावा. आणि कॅमेऱ्यातच जो दिवा २५५ ला थडकून कापला गेला, त्याचा वरचा उजेड मूळ फाइलमध्येच नसतो. तो कुठल्याही हिशेबानं परत येत नाही.