हुडहुडी आणि घाम : देहाचा उष्णतेचा जमाखर्च

घरात कोणाला थंडी वाजून ताप आला की एक विचित्र दृश्य दिसते. कपाळाला हात लावावा तर चटका बसतो आणि रुग्ण मात्र दुलई मागत असतो. अंग तापलेले असताना थंडी का वाजावी? याचे उत्तर देहाच्या समस्थितीत, म्हणजे आतली स्थिती कायम राखण्याच्या व्यवस्थेत आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. रक्ताचे तापमान तो सतत तपासतो आणि ते सुमारे 37 अंश सेल्सिअसवर ठेवतो. तापमान घसरले तर त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात व स्नायू थरथरू लागतात. या थरथरण्यातून काम काहीच होत नाही. स्नायूंनी खर्चिलेली शक्ती बहुतेक सारी उष्णता बनून देहात जमा होते. तापमान वाढले तर त्वचेकडे रक्त अधिक वाहते आणि घाम सुटतो.

जंतुसंसर्गात हा 37चा ठराव बदलून, समजा, 39 होतो. आता 37 अंशांचे रक्त मेंदूच्या हिशेबी थंड ठरते. म्हणून हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. साठ किलो वजनाच्या माणसाचा देह 2 अंशांनी तापवायला साधारण 100 किलोकॅलरी लागतात. स्वस्थ पडलेला देह तासाला सुमारे 75 निर्माण करतो. हुडहुडी हाच वेग कित्येक पटींनी वाढवते. तापमान 39 झाले की कापरे थांबते. ताप उतरला म्हणून नव्हे, तो मुक्कामी पोहोचला म्हणून!

पॅरासिटामॉल घेतल्यावर ठराव पुन्हा 37कडे येतो. आता तेच 39 अंश जास्त ठरतात, पांघरूण नकोसे होते आणि दरदरून घाम फुटतो. एक लिटर घाम सुकताना सुमारे 580 किलोकॅलरी नेतो. म्हणजे चढलेल्या 100 किलोकॅलरी काढायला जेमतेम पाऊण पेला घाम पुरावा. अट एकच, तो अंगावर सुकला पाहिजे. टपकून खाली पडलेला घाम पाणी आणि मीठ नेतो, उष्णता जवळजवळ नेतच नाही. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत सदरा भिजूनही जीव कासावीस होतो तो यामुळेच.

उष्माघाताची गोष्ट निराळी. तेथे ठराव 37चाच असतो, पण बाहेरची व अंगची उष्णता घामाच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून ठराव खाली आणणारी पॅरासिटामॉलची गोळी तेथे निरुपयोगी ठरते. उन्हातून किंवा पत्र्याच्या कोंदट गोदामातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला आणि अंग भाजत असेल, तर घाम असो वा नसो, उष्माघातच समजावा. त्याला सावलीत आडवे करून कपडे सैल करावेत, सर्वांगावर गार पाणी ओतत जोराने वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.