गनीम उजव्या कानाशी आला

परवा रात्री दीड वाजून गेल्यावर माझ्या कानाशी डास गुणगुणला. मी उठलो, दिवा लावला, कालचं वर्तमानपत्र गुंडाळलं, वीसेक मिनिटं त्याला शोधलं आणि शेवटी कपाटाशेजारच्या भिंतीवर मारलं. सकाळी ही हकिगत सांगितली तर चहाच्या कपातून कुणी मान वर करणार नाही. आता तीच पुन्हा ऐका :

‘मध्यरात्र टळोन चार घटका जाहल्या. खासे पलंगीं निद्रिस्त असतां गनिमानें उजवे कानीं येऊन शिंग फुंकिलें. खासे क्रोधायमान होऊन उठले. वर्तमानपत्र, कालचे तारखेचें, पृष्ठें बारा, गुंडाळोन हातीं धरिलें. पहिला वार उशीवर पडला. दुसरा पडद्यावर. तिसरे वारीं पाण्याचा तांब्या कामी आला. कुटुंबानें पुसिलें, काय चाललें आहे? खाशांनीं उत्तर दिलें नाहीं.’

घटना तीच. डास एकच आहे, वार तीनच आहेत, वर्तमानपत्राची पानंसुद्धा मी वाढवलेली नाहीत. फक्त सांगणाऱ्याने बखरकाराची पगडी चढवली. क्षुल्लक कामाला महायुद्धाची भाषा लावण्याच्या या प्रकाराची सगळी गंमत इथेच आहे : भाषा फुगवायची, घटना नाही. डासांच्या पाचशे टोळ्या आल्या आणि मी सगळ्या कापून काढल्या, असं लिहिलं तर ती नुसती गप्प होते. वाचक म्हणतो, बरं. पण एका डासापायी तांब्या ‘कामी आला’ म्हटलं, की डोळ्यांपुढे पोचा पडलेला तांब्या आणि पानिपत एकदमच उभे राहतात आणि त्या दोहोंमधलं अंतर हसवतं.

आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’मध्ये जे केलं, ते याच्या शेजारचं पण वेगळं. तिथे नेम त्या काळच्या कवींच्या लकबींवर होता. इथे बखरीची थट्टा नाही, बखर आपली जागची जागी थोरच आहे. थट्टा आहे ती पायजम्यात उभं राहून भिंतीकडे डोळे बारीक करणाऱ्याची.

प्रकार फार जुना आहे. बेडूक आणि उंदरांच्या युद्धावर एक प्राचीन ग्रीक काव्य आहे, सुमारे तीनशे ओळींचं. ते होमरचंच, असं पूर्वी बरेच जण मानत. एका बेडकाच्या पाठीवर बसून तळं ओलांडणारा उंदीर बुडतो आणि त्यावरून दोन्ही जमातींत रण पेटतं. त्यातला शस्त्रसज्जतेचा भाग मला फार आवडतो. उंदीर शेंगांच्या टरफलांची पायचिलखतं चढवतात, डोक्यावर कवचीची शिरस्त्राणं घालतात आणि सुया भाल्यांसारख्या धरतात. बेडकांच्या ढाली कोबीच्या पानांच्या, शिरस्त्राणं गोगलगाईच्या शंखांची. आणि रणशिंगं कोण फुंकतं? डास!

या यादीत एकही वस्तू नुसती ‘भयंकर’ किंवा ‘दिव्य’ नाही. प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरात नाहीतर तळ्याकाठी सापडणारी आहे आणि बरोबर मापाची आहे. नवखा लिहिणारा इथेच घसरतो. ‘मी माझं महाभयंकर अस्त्र उचललं’ असं तो लिहितो आणि पुढे निघून जातो. उचललं काय, ते सांगत नाही. ‘खाशांनीं विजेची रॅकेट मागविली, तिचें चार्जिंग सरलें होतें, सबब माघारी ठेविली’ यात प्रत्येक घरातला माणूस सापडतो.

दुसरी घसरण पगड्यांच्या सरमिसळीची. युद्धाच्या भाषेच्या आपल्याकडे निदान दोन पेट्या आहेत. एक पुराणांची : शंख, रथ, दिव्यास्त्रं, आकाशातून पुष्पवृष्टी. दुसरी बखरी-पोवाड्यांची : गनीम, फौज, मोर्चे, फत्ते. पहिल्या वाक्यात सुदर्शनचक्र, दुसऱ्यात तोफखाना आणि तिसऱ्यात कमांडो आले की नाटकाच्या कपडेपटाचं गाठोडं सुटल्यासारखं वाटतं. मला स्वतःला बखरीची पेटी जास्त उपयोगी वाटते. बखरकार हाहाकार आणि शिधासामग्री एकाच कोरड्या आवाजात मोजतो. तो हसत नाही, डोळाही मिचकावत नाही, आणि म्हणूनच आपण हसतो. ‘कुटुंब म्हणजे आमची ही बरं का’ असं कंसात सांगितलं, की संपलं.

लिहिलेलं जमलं की नाही हे बघायला मी उलटा तर्जुमा करतो. प्रत्येक भारदस्त वाक्य साध्या मराठीत उतरवायचं. ‘खासे मोर्चा बदलून नैर्ऋत्येस गेले’ म्हणजे मी कपाटाकडे गेलो. ठीक. ‘रणभूमी थरारली’ याचं साधं मराठी काय? काहीच घडलेलं नाही. वाक्य कापायचं.

कथानकही शोधावं लागत नाही, ते डासच पुरवतो. चावते ती फक्त मादी, तिला अंडी घालण्यासाठी रक्त लागतं. आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागाने ती येते, म्हणून शिंग फुंकलं जातं ते डोक्यापाशीच. पोटभर रक्त प्यायलं की ती जड होते, फार लांब उडत नाही, जवळच्या भिंतीवर नाहीतर पडद्यावर टेकते. म्हणजे आधी शिंगनाद, मग हल्ला, मग संशयास्पद शांतता आणि शेवटी भिंतीपाशी गाठ. शिवाय ज्याला खासे रात्रभर ‘गनीम’ म्हणत होते, ती रणरागिणी निघते. महाकाव्यात शेवटी ओळख पटण्याचा प्रसंग असतो, तसा इथेही आहे :

‘गनीम भिंतीवर पडिला. फत्ते जाहली. भिंतीस डाग, मुगाचे डाळीएवढा. रक्त पाहतां खाशांचेंच निघालें.’

डासाच्या बाजूनेही कुणीतरी लिहून ठेवलंय. ‘कुलेक्स’ म्हणजे डास, या नावाचं चारशेहून थोड्या जास्त ओळींचं एक लॅटिन काव्य व्हर्जिलच्या नावावर चालत आलं, पण ते त्याचं नसावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. झाडाखाली झोपलेल्या मेंढपाळाकडे साप सरकत येतो. त्याला जागं करायला डास डोळ्यापाशी चावतो. मेंढपाळ दचकून आधी डासाला चिरडतो, मग सापाला मारतो. रात्री डासाचं भूत स्वप्नात येऊन त्याच्याकडे गाऱ्हाणं मांडतं आणि पाताळातलं सगळं वर्णन ऐकवतं. सकाळी उठून मेंढपाळ त्या डासाची समाधी बांधतो, भोवती फुलझाडं लावतो आणि वर लेख कोरतो.

आमच्याकडचा डाग कपाटाशेजारी अजून आहे. ओल्या फडक्याने पुसला तर फिक्कट होऊन पसरला. दिवाळीच्या आधी रंगारी येतील, तोवर राहील.