एका गोलची राखण

१० डिसेंबर २०२२, दोहा. फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात मोरोक्को पोर्तुगालविरुद्ध १-० पुढे होता. ४२व्या मिनिटाला एन-नेसिरीने हेडरने गोल केला होता. ५१व्या मिनिटाला रोनाल्डो मैदानात उतरला आणि ५७व्या मिनिटाला मोरोक्कोचा जखमी कर्णधार साइस स्ट्रेचरवरून बाहेर गेला.

६५व्या मिनिटाला प्रशिक्षक वालिद रेग्रागुई यांनी मधल्या फळीतल्या अमल्लाहला काढून बेनून हा बचावपटू घेतला. चार बचावपटूंचे पाच झाले. चौघांच्या फळीत कडेचा खेळाडू क्रॉस अडवायला बाहेर धावला की त्याच्या आतल्या बाजूला भगदाड पडतं. पाच असले की ते बुजवायला माणूस उरतो आणि गोलसमोर तिघे राहतात. पोर्तुगालकडे चेंडू भरपूर राहिला, पण मधून वाट मिळेना.

याची किंमतही असते. मागे माणूस वाढला की पुढे घटतो. मग बाहेर मारलेला चेंडू दहा सेकंदांत परत येतो आणि बचाव सावरायच्या आत पुढचा हल्ला सुरू होतो. मला विचाराल तर मागे सरकण्यात चूक नाही. पुढे चेंडू धरणारा कुणी न ठेवणं ही चूक. म्हणूनच रेग्रागुईंनी त्याच वेळी थकलेल्या एन-नेसिरीच्या जागी ताज्या दमाचा चेदिरा आणला आणि ८२व्या मिनिटाला अबुखलाल.

सुरक्षित ताबा म्हणजे नुसते मागे मागे पास नव्हेत. स्वतःच्या अर्ध्यात मैदानाच्या मधून आडवा पास द्यायचा नाही, कारण तो तुटला तर थेट गोलसमोर धोका. चेंडू कडेला न्यायचा, शक्यतो प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात, आणि तिथे थ्रो-इन किंवा कॉर्नर मिळवायचा. तिथे चेंडू गमावला तरी प्रतिस्पर्ध्याला जवळजवळ अख्खं मैदान तुडवावं लागतं.

वेळ काढण्याला मर्यादा आहे. वाया गेलेला वेळ रेफरी भरून देतात. त्या सामन्यात आठ मिनिटं मिळाली. आता तर गोलरक्षकाने आठ सेकंदांहून जास्त चेंडू हातात धरला की प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो.

सगळ्यात महाग पडतो तो पेनल्टी क्षेत्राजवळचा फाउल. आदल्याच रात्री अर्जेंटिना नेदरलँड्सविरुद्ध २-१ पुढे होता. भरपाई वेळेत पेझेलाने क्षेत्राच्या तोंडाशी फाउल केला आणि त्या फ्री किकवर वेगहोर्स्टने बरोबरी साधली. अर्जेंटिना पेनल्टी शूटआउटमध्ये कसाबसा सुटला.

मोरोक्कोचंही सगळं सुरळीत झालं नाही. चेदिराने भरपाई वेळेत अवघ्या काही मिनिटांत दोन पिवळी कार्डं घेतली आणि संघ दहावर आला. अबुखलाल एकटा गोलरक्षकासमोर पोहोचला, पण सामना तिथेच संपवू शकला नाही. त्यानंतर पेपेचा हेडर खांबाबाहेरून गेला आणि विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पहिल्यांदाच आफ्रिकेचा संघ पोहोचला.